स्प्रिंगला टांगलेलं अर्धा किलोचं माप: पोरीचा हिशेब म्हणते १.०२, व्हिडिओ म्हणतो ०.४९, खरं कोण?

मानेवाड्याचा_बाप
सगळ्यांना नमस्कार. विषय डोकं खाणारा आहे पण इथं सायन्सवाले बरेच आहेत म्हणून टाकून राहिलो. पोरगी बारावीत आहे, सुट्टीत करायला प्रोजेक्ट दिलाय, तिनं घेतलं की स्प्रिंगला वजन टांगून वर-खाली होऊ द्यायचं आणि मधल्या एका ठिकाणी त्याचा वेग काढायचा. स्प्रिंग इतवारीतून एका भंगारवाल्याकडून ३० रुपयांत आणली, वजन म्हणजे आमच्या जुन्या किराणा दुकानातलं अर्धा किलोचं लोखंडी माप, आणि टांगलं हॉलमधल्या रिकाम्या पंख्याच्या हुकाला. कूलर बंद ठेवावा लागला कारण हवेनं माप डोलत होतं. मे महिन्यात नागपुरात दुपारी कूलर बंद, समजून घ्या.

आता झालं असं. आधी तिनं स्प्रिंग किती कडक आहे ते काढलं, १०० ग्रॅम वाढवलं की ४.९ सेमी लांबते, दर वेळी तेवढीच, म्हणजे k = २० न्यूटन प्रति मीटर. अर्धा किलो टांगून हातानं हळूच सोडलं तर २४.५ सेमी खाली येऊन थांबलं. तिथून अजून १० सेमी खाली ओढलं आणि सोडलं. वर येताना, थांबायच्या जागेच्या ६ सेमी खाली असताना वेग किती, हा प्रश्न.

तिचा हिशेब: सगळ्यात खाली स्प्रिंग ३४.५ सेमी ताणलेली, त्यात एनर्जी ½ × २० × ०.३४५² म्हणजे १.१९ ज्यूल. ६ सेमीवर ताण ३०.५ सेमी, तिथं ०.९३ ज्यूल. मधले ०.२६ ज्यूल गेले कुठं, तर वेगात, म्हणून v = १.०२ मीटर प्रति सेकंद. आणि मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये मोजलं तर येतं ०.४९. दुप्पट फरक! मी आकडेमोड तीनदा तपासली, कॅल्क्युलेटर चुकत नाही. मंग चुकलं कोण?

बॅकलॉग_बे
काका ग्रॅव्हिटी विसरली ती. माप वर चढून राहिलं ना, मग mgh पण द्यावं लागते. सिंपल आहे.

पण तुमच्या मापण्यातच गडबड आहे असं मला वाटते. माप खाली आलं तर mgx गेली आणि ½kx² आली, दोन्ही सारखे ठेवले तर x = 2mg/k, म्हणजे ४९ सेमी. तुमचं २४.५ बरोबर अर्धं येऊन राहिलं. टेप नीट लावला का बे... सॉरी, काका?

संत्रानगरी_राइडर
माझ्या स्कूटरचा मागचा शॉकअप असाच झालाय, एका खड्ड्यात गेला की चार-पाच वेळा वर-खाली वर-खाली करत राहते. मिस्त्री म्हणते स्प्रिंग बदला, कोणी म्हणते नुसतं तेल गेलं. वेग मोजून कळते का?

मानेवाड्याचा_बाप
@बॅकलॉग_बे टेप मीच लावला होता, २४.५ च आहे. पुन्हा मोजलं आत्ता. आणि १०० ग्रॅमला ४.९ तर ५०० ला २४.५ च होणार ना, साधं त्रैराशिक आहे. पण तुझं गणितही मला चुकीचं दिसत नाही, म्हणून आता डोकं जास्तच फिरलं.

रिटायर_प्रॅक्टिकल
तुम्ही दोघंही आपापल्या जागी बरोबर आहात, फक्त दोन वेगळ्या गोष्टी मोजून राहिलात. (३१ वर्षं ज्युनिअर कॉलेजच्या लॅबमध्ये ह्याच स्प्रिंगा सांभाळल्या, म्हणून राहवत नाही.)

आधी ४९ चं बघू. स्प्रिंग मोकळी, न ताणलेली आहे, तिला माप अडकवलं आणि तिथूनच हात एकदम काढून घेतला, तर माप खरंच ४९ सेमी खाली जाईल. पण तिथं थांबणार नाही, क्षणभर उभं राहील आणि परत वर येईल, आणि ह्या फेऱ्या २४.५ च्या भोवतीच होतील. बॅकलॉगनं काढलं ते सगळ्यात खालचं टोक. मंगेशभाऊ की काय नाव आहे तुमचं माहीत नाही, तुम्ही हातानं हळूच उतरवलं. २४.५ सेमी उतरताना वजनानं दिले १.२ ज्यूल, स्प्रिंगमध्ये साठले ०.६. उरलेले ०.६ तुमच्या तळहातानं घेतले. माप उतरवताना हाताला दाब लागत होता ना, तोच तो. त्यामुळे हात मधात असेल तर mgx = ½kx² लिहायचंच नाही, तिथं तिसरा भागीदार आहे.

आता मूळ प्रश्न. पोरीनं स्प्रिंगचा जमाखर्च अगदी बरोबर लिहिला, ०.२६ ज्यूल स्प्रिंगनं खरंच सोडले. पण माप १० वरून ६ वर आलं म्हणजे ४ सेमी वर चढलं, त्याचा खर्च ०.५ × ९.८ × ०.०४ म्हणजे ०.१९६ ज्यूल. ०.२६ मधून तो वजा करा, उरले ०.०६४. ह्यातूनच वेग निघतो: ½ × ०.५ × v² = ०.०६४, v = ०.५०६. तुमच्या व्हिडिओच्या जवळ आलो का नाही?

हिशेबी_ताई
सर मी बँकेत आहे, फिजिक्स बारावीनंतर सुटलं. पण आमच्या वेळी तर सरळ ½kx² लिहून वेग काढत होतो, ग्रॅव्हिटी कुठं घेतली आठवत नाही. मग तेव्हा काय चुकीचं शिकलो?

रिटायर_प्रॅक्टिकल
चुकीचं नाही ताई. तेव्हा बहुतेक टेबलावर आडवी स्प्रिंग असायची, किंवा x थांबायच्या जागेपासून मोजलेला असायचा. पोरीचा सगळा घोटाळा ह्या एका x मध्ये आहे.

असं बघा. माप शांत लटकलेलं आहे तेव्हा स्प्रिंग त्याला ४.९ न्यूटननं वर ओढून राहिली आणि पृथ्वी तेवढ्याच जोरानं खाली. दोघं एकमेकांना पुरून उरले. आता माप ६ सेमी खाली नेलं तर पृथ्वीचा जोर तोच राहिला, स्प्रिंगचा मात्र २० × ०.०६ = १.२ न्यूटननं वाढला. मापाला परत आणायला जी ओढ शिल्लक आहे ती फक्त ही १.२. म्हणजे थांबायच्या जागेपासून पाहिलं तर मापाला जणू ग्रॅव्हिटी नाहीच, नुसती एक स्प्रिंग आहे जी त्या जागी मोकळी असते. मग हिशेब किती सोपा होतो बघा:

```
½·20·(0.10)² = 0.100
½·20·(0.06)² = 0.036
0.100 − 0.036 = 0.064
```

तेच ०.०६४! ग्रॅव्हिटीचा शब्द न काढता. सूत्र म्हणून लिहायचं तर v = √[(k/m)(A² − x²)], A म्हणजे आयाम, टोकापर्यंतचं अंतर, आणि x म्हणजे जिथं वेग काढायचा तिथलं, पण दोन्ही थांबायच्या जागेपासूनचे.

म्हणजे वह्या दोन आहेत. एका वहीत अंतर स्प्रिंगच्या मोकळ्या लांबीपासून लिहायचं आणि mgh चा रकाना वेगळा ठेवायचा. दुसरीत अंतर थांबायच्या जागेपासून, आणि mgh चा रकाना नाहीच. पोरीनं अंतरं पहिल्या वहीतली घेतली (३४.५, ३०.५) आणि रकाने दुसऱ्या वहीतले. दर वर्षी वर्गात निम्मी पोरं हेच करायची, आणि उत्तर नेहमी जास्तच यायचं कारण चढायचा खर्च लिहिलाच नसायचा. पण हे खालच्या अर्ध्या भागातून वर येताना. बाकी ठिकाणी काय गंमत होते ते तिलाच करून पाहू द्या.

बॅकलॉग_बे
ओके सर ४९ चं पटलं, हाताचा पॉइंट डोक्यात नव्हता आला. पण एक शॉर्टकट सांगतो काका, मधात वेग मॅक्सिमम, टोकाला झिरो, मग अर्ध्या रस्त्यात म्हणजे ५ सेमीवर मॅक्सिममच्या अर्धा धरून टाका. तोंडी परीक्षेत चालते.

रिटायर_प्रॅक्टिकल
अरे नाही चालत बाबा, तोंडीत तर पहिला हाच प्रश्न विचारतात! मधल्या जागी वेग ०.६३. अर्ध्यावर, ५ सेमीवर, स्प्रिंगकडं किती एनर्जी? अंतर अर्धं झालं तर वर्गामुळे चौथा हिस्सा, ०.०२५ ज्यूल. म्हणजे ०.०७५ मापाकडं, चारातले तीन हिस्से. वेग ०.५५, मॅक्सिममच्या ८७ टक्के. टोकावरून सुटलेलं माप अर्ध्या रस्त्यातच जवळजवळ पूर्ण वेग पकडून घेते, पुढचं अर्धं अंतर नुसतं पळते. एनर्जी दोघांकडं सारखी पाहिजे तर ५ नाही, ७.१ सेमीवर उभं राहा.

हिशेबी_ताई
हे माझ्या मुलाच्या झोक्यावर दिसते सर. दोन्ही टोकांना किती वेळ रेंगाळतो असं वाटते आणि मधून सर्रकन जातो, फोटो काढायचा तर टोकालाच काढावा लागते.

संत्रानगरी_राइडर
शॉकअपचं कोणी सांगा ना भाऊ

बॅकलॉग_बे
@संत्रानगरी_राइडर भाऊ तुमचं तेलच गेलं असेल. स्प्रिंग एनर्जी साठवते न परत देते, खाऊन टाकायचं काम तेलाचं. चार-पाच वेळा उडून राहिली म्हणजे खाणारं कोणी उरलं नाही. स्प्रिंग मेली असती तर गाडी मागून बसलेली दिसली असती.

मानेवाड्याचा_बाप
सर, पोरीला दाखवलं. आधी म्हणे “असं कसं”, मग कागद घेऊन बसली, दोन्ही वह्यांनी ०.०६४ आलं तेव्हा एकदम गप्प झाली. आभारी आहे.

पण आता माझा किडा. तुमचं ०.५०६ आणि व्हिडिओचं ०.४९ ह्यात अजून तीनेक टक्के फरक आहे. मोजलं असं: मोबाइल सेकंदाला २४० फ्रेमवर, ६ सेमीच्या खुणेच्या आधीच्या ६ फ्रेम आणि नंतरच्या ६ फ्रेम घेतल्या, म्हणजे १२ फ्रेममध्ये ०.०५ सेकंद, तेवढ्यात माप साडेचोवीस मिलिमीटर सरकलं. पट्टी मापाच्या शेजारीच, मागे भिंतीवर नाही. ते मी सुचवलं होतं तर पोरगी म्हणे पप्पा मागची पट्टी खोटं बोलते.

हिशेबी_ताई
पोरगी हुशार आहे हो तुमची 😊

रिटायर_प्रॅक्टिकल
खरंच हुशार आहे. माप कॅमेऱ्याला पट्टीपेक्षा जवळ असलं की पट्टीवर ते जास्त सरकल्यासारखं दिसते. बारा फ्रेमही बरोबर घेतल्या, एका फ्रेममध्ये दोनच मिलिमीटर, त्यात कडा पुसट, काही कळलं नसतं.

तीन टक्क्यांचं सांगतो, पण आधी दोन गोष्टी करून बघा. स्वयंपाकघरातल्या काट्यावर नुसती स्प्रिंग तोला. आणि २० फेऱ्यांना किती वेळ लागते ते घड्याळ लावून मोजा. गणितानं १९.९ सेकंद यायला पाहिजेत.

मानेवाड्याचा_बाप
स्प्रिंग ६० ग्रॅम. २० फेऱ्या: पहिल्यांदा २०.३, दुसऱ्यांदा २०.२, तिसऱ्यांदा २०.३. तुमच्या आकड्यापेक्षा हळू आहे.

रिटायर_प्रॅक्टिकल
वाटलंच. स्प्रिंगही हलते भाऊ, तिलाही पळवायला एनर्जी लागते, ती आपण कोणाच्या खात्यात लिहिलीच नाही.

पण तिचे सगळे वेढे सारख्या वेगानं पळत नाहीत. हुकाजवळचा वेढा जागेवर, मापाजवळचा मापाच्या वेगानं, मधला अर्ध्या वेगानं. अर्धा वेग म्हणजे एनर्जी पाव. असं वरपासून खालपर्यंत सगळ्या वेढ्यांचं जोडलं की येते तिसरा हिस्सा, म्हणजे ६० ग्रॅमची स्प्रिंग हिशेबात २० ग्रॅम बनून मापाला चिकटते. ५०० च्या जागी ५२० धरा. २० फेऱ्या होतात २०.२६ सेकंदात, तुमचं घड्याळ बरोबर निघालं. ६ सेमीवर वेग ०.४९६, व्हिडिओसुद्धा बराचसा बरोबर. हा तिसऱ्या हिस्स्याचा नियम स्प्रिंग मापापेक्षा बरीच हलकी असेल तेव्हाच धरायचा. १०० ग्रॅम टांगून ६० ची स्प्रिंग असली तर वेढे असे शिस्तीत ताणले जात नाहीत.

आणि k साठी हे ५२० घेऊ नका. k तुम्ही वजनं वाढवून काढला, तिथं काही पळत नव्हतं.

बॅकलॉग_बे
सर हे इंजिनिअरिंगमध्ये आम्हाला शिकवलं होतं, एम बाय थ्री. काऊन येते ते आज कळलं 😅

मानेवाड्याचा_बाप
(मी पोरगी, पप्पांच्या आयडीवरून लिहून राहिली)
सर थँक्यू. मी आज संध्याकाळी मधल्या जागेच्या वर ६ सेमीवर पण मोजलं. x चा वर्ग आहे म्हणजे वर असो का खाली वेग सारखाच यायला पाहिजे ना, पण वर ०.४७ आला आणि खाली ०.४९. दोन्ही वेळा माप वरच जात होतं. पप्पा म्हणतात वर जाताना ग्रॅव्हिटी ओढते म्हणून कमी झाला, पण मला ते पटत नाही कारण तुम्हीच म्हणाले की त्या वहीत ग्रॅव्हिटी नाहीच.

बॅकलॉग_बे
हवेचा विरोध.

रिटायर_प्रॅक्टिकल
बेटा, पप्पांना सांग की तू बरोबर आहेस. ग्रॅव्हिटीनं थांबायची जागा खाली नेली, तेवढंच तिचं काम. खालच्या ६ पासून वरच्या ६ पर्यंत माप १२ सेमी चढते, त्याला ०.५८८ ज्यूल लागतात. पहिली वही काढून त्याच अंतरात स्प्रिंगनं किती सोडले ते बघ, बरोबर तेवढेच निघतील.

बॅकलॉगचं अर्धं खरं असू शकते. खालचं ६ आणि वरचं ६ एकाच फेरीतलं होतं का? मधात पाव सेकंदही जात नाही, तेवढ्यात हवा दोन सेंटिमीटरचा वेग नाही खाऊ शकत. पण वरचं रीडिंग दोन-तीन फेऱ्यांनंतरचं असेल तर बघ: सोडल्यावर २० फेऱ्यांनी १० सेमीचं किती उरते?

मानेवाड्याचा_बाप
(पोरगी)
८ सेमीच्या आसपास उरते.

रिटायर_प्रॅक्टिकल
म्हणजे दर फेरीला एक टक्का आणि थोडं वर. तीन फेऱ्यांनी १० चं ९.६७ होते. आता सूत्रात A च्या जागी १० नाही, ९.६७ टाक आणि x सहाच ठेव. वेग ०.४७ येतो. आयाम तीन टक्के घटला आणि वेग पाच टक्के, कारण ६ आता टोकाच्या जास्त जवळ आलं. विसाव्या फेरीत आठच उरलं, तिथं ६ वर वेग फक्त ०.३३ दिसेल. सूत्रातला A हा तू हात सोडला तेव्हाचा नाही, ज्या फेरीत मोजते त्या फेरीचा.

तर तुझं वरचं रीडिंग कितव्या फेरीतलं?

मानेवाड्याचा_बाप
(पोरगी)
सर व्हिडिओत पाच फेऱ्या आहेत आणि मी जिथं माप स्पष्ट दिसत होतं तो तुकडा घेतला होता. फ्रेम नंबर लिहून ठेवला नाही 😬 आता लाइट गेली आहे, उद्या सकाळी ऊन चढायच्या आत परत काढते, आणि ह्या वेळी त्याच फेरीचं वरचं आणि खालचं टोक पण मोजते.

बॅकलॉग_बे
हुक पण चेक कर, पंख्याचा हुक हलत असेल तर तो पण एनर्जी खाते.

मानेवाड्याचा_बाप
हुक पक्का आहे. स्लॅबमधला आहे.

संत्रानगरी_राइडर
तेल भरून घेतलं सीताबर्डीला. आता एकदाच उडते. पण मिस्त्रीनं स्प्रिंगचेही पैसे लावले 😑